जुन्या ईथरातील पेरॉक्साइडांची चाचणी व निवारण

डायएथिल ईथर, टेट्राहायड्रोफ्युरान (टीएचएफ) आणि त्यांच्या वर्गातील इतर विद्रावक हवा व प्रकाश यांच्या संपर्कात राहिल्यास त्यांत हळूहळू स्फोटक पेरॉक्साइड संयुगे तयार होतात. असा जुना विद्रावक ऊर्ध्वपातनास घेण्यापूर्वी त्यात पेरॉक्साइडे आहेत की नाहीत हे रासायनिक चाचणीने तपासणे आणि असल्यास ती नष्ट करणे ही कार्बनी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक मूलभूत कृती आहे. एरवी ऊर्ध्वपातन हे शुद्धीकरणाचे साधन मानले जाते. येथे मात्र तेच अपघाताचे कारण ठरू शकते. ईथर उकळून निघून जाते, पेरॉक्साइडे मागे राहतात आणि कुप्पीतील द्रव जसजसा कमी होतो तसतशी त्यांची संहती वाढत जाते.

## पेरॉक्साइडे कशी तयार होतात

ईथरातील ऑक्सिजन अणूला लागून असलेल्या कार्बनवरील हायड्रोजन अणू तुलनेने सहज निघतो. प्रकाशामुळे किंवा एखाद्या मूलकामुळे तो निघाला की उरलेला कार्बन मूलक हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावतो. यातून बनणारा पेरॉक्सी मूलक शेजारच्या ईथर रेणूतून हायड्रोजन ओढून घेतो व स्वतः हायड्रोपेरॉक्साइड बनतो. त्याच वेळी एक नवा कार्बन मूलक तयार होऊन साखळी पुढे चालू राहते. या क्रियेला स्वयंऑक्सिडीकरण म्हणतात. तिला बाहेरून कोणताही विक्रियाकारक लागत नाही. अर्धी रिकामी बाटली, वारंवार उघडले जाणारे झाकण आणि खिडकीजवळचे फडताळ एवढे पुरेसे असते.

डायएथिल ईथरापासून प्रथम १-इथॉक्सीएथिल हायड्रोपेरॉक्साइड बनते, तर टीएचएफपासून वलयातील ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवर हायड्रोपेरॉक्साइड गट असलेले संयुग बनते. डायएथिल ईथराची कथा एवढ्यावर संपत नाही. त्यातील हायड्रोपेरॉक्साइडाचे कालांतराने एथिलिडीन पेरॉक्साइडांच्या बहुवारिकांत रूपांतर होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड रीखे यांनी १९३० च्या दशकात या पदार्थांचा अभ्यास केला. हे घट्ट, तेलकट अवशेष मूळ हायड्रोपेरॉक्साइडाहून कितीतरी अधिक संवेदनशील असतात आणि उष्णतेने किंवा घर्षणाने त्यांचा स्फोट होऊ शकतो. पुढे दिसेल त्याप्रमाणे, नेहमीच्या चाचण्यांना ते सहज प्रतिसाद देत नाहीत, ही त्यांच्याबाबतची खरी अडचण आहे.

बाजारात मिळणाऱ्या टीएचएफ व ईथरात बहुधा ब्युटिलेटेड हायड्रॉक्सीटोल्यूइन, म्हणजे बीएचटी, हा रोधक अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. तो मूलकांची साखळी तोडतो. पण प्रत्येक वेळी तो स्वतः खर्ची पडतो, म्हणून त्याचे संरक्षण कायमचे नसते. शिवाय त्याचा उकळबिंदू विद्रावकाच्या मानाने फारच वरचा असल्याने ऊर्ध्वपातनात तो कुप्पीतच राहतो. ताजे ऊर्ध्वपातित टीएचएफ म्हणूनच सर्वांत शुद्ध असते आणि सर्वांत असुरक्षितही. ते बाटलीत भरून महिनाभर ठेवल्यास त्याची अवस्था मूळ विकत घेतलेल्या बाटलीपेक्षा वाईट होऊ शकते.

## बाटली उघडण्यापूर्वी

चाचणीसाठी बाटली उघडावी लागते आणि काही बाटल्या उघडण्याच्याच योग्यतेच्या नसतात. म्हणून पहिली तपासणी डोळ्यांनी, बाटली न हलवता करतात. द्रवात किंवा तळाशी स्फटिक, झाकणाच्या आट्यांवर पांढरा थर, तळाशी वेगळा दिसणारा घट्ट द्रव, किंवा बाष्पीभवनाने जवळजवळ आटून गेलेली बाटली यांपैकी काहीही आढळल्यास तिला हात लावू नये. झाकण फिरवताना आट्यांत अडकलेल्या स्फटिकांवर होणारे घर्षणही स्फोटास पुरेसे ठरू शकते. अशा वेळी खोली रिकामी करून सुरक्षा अधिकाऱ्यांना व स्फोटक पदार्थ हाताळणाऱ्या तज्ज्ञांना बोलावणे हाच मार्ग आहे. बाटलीचे वय मुळीच ठाऊक नसल्यास तिलाही याच वर्गात धरतात.

डायआयसोप्रोपिल ईथर या बाबतीत वेगळे आहे. त्यात संहत न करताही, केवळ साठवणीत, स्फोटक पेरॉक्साइडांचे स्फटिक बाहेर पडतात. त्यामुळे या लेखातील पुढील कृती त्याच्या जुन्या बाटलीला लागू होत नाहीत. डायएथिल ईथर, टीएचएफ आणि डायऑक्सेन यांचा धोका प्रामुख्याने संहतीकरणाच्या वेळी, म्हणजे ऊर्ध्वपातनात किंवा बाष्पीभवनात, उद्भवतो. म्हणूनच त्यांच्याबाबतीत चाचणी करून पुढे जाण्याला अर्थ आहे.

## चाचण्या

सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी आयोडाइडाची आहे. परीक्षानळीत सुमारे १ मिलि. ग्लेशियल ॲसेटिक अम्ल घेऊन त्यात ०.१ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आयोडाइड (KI) टाकतात व तपासावयाच्या ईथराचे १ मिलि. मिसळून हलवतात. पेरॉक्साइड आयोडाइडाचे ऑक्सिडीकरण करून आयोडीन मुक्त करते. फिकट पिवळा रंग अल्प प्रमाण दाखवतो, तर तपकिरी रंग दिसल्यास प्रमाण धोकादायक समजतात. पाण्यात केलेला स्टार्चचा विद्राव घातल्यास निळा रंग येऊन निर्णय सोपा होतो.

या चाचणीत दोन प्रकारे फसगत होते. आम्लयुक्त आयोडाइड हवेतील ऑक्सिजननेही हळूहळू पिवळे पडते. म्हणून रंग पहिल्या मिनिटभरातच पाहावा लागतो आणि शेजारी ईथराऐवजी पाणी घातलेली तुलनेची नळी ठेवावी लागते. दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या झाल्या तर दोष विक्रियाकारकाचा आहे. पोटॅशियम आयोडाइडाचा पाण्यातील विद्राव वापरायचा असल्यास तो ताजा असावा. कपाटात राहून आधीच पिवळसर झालेला विद्राव या कामास निरुपयोगी असतो.

दुसरी सोय म्हणजे पेरॉक्साइड चाचणीपट्टी. तिच्या टोकावरील चौकटीत पेरॉक्सिडेझ हे विकर आणि रंग बदलणारा पदार्थ असतो. रंग निळा होतो व डबीवरील पट्टीशी जुळवून प्रमाण मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये वाचतात. ही पट्टी मुळात पाण्यासाठी बनवलेली आहे आणि विकराला काम करण्यासाठी पाणी लागतेच. त्यामुळे ती ईथरात सेकंदभर बुडवून थेट वाचल्यास निकाल खोटा, बहुधा 'काही नाही' असा, येतो. योग्य रीत अशी: पट्टी बुडवून बाहेर काढावी, विद्रावक पूर्ण उडून जाऊ द्यावा, मग चौकटीवर पाण्याचा एक थेंब सोडावा किंवा तोंडाची वाफ काही वेळा द्यावी आणि डबीवर दिलेल्या वेळेत रंग जुळवावा. मुदत उलटलेली किंवा दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी रंगच दाखवत नाही, आणि न उमटलेला रंग हाच येथे सुरक्षिततेचा निकाल समजला जातो. त्यामुळे पट्टीची परीक्षा आधी घ्यावी. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड १ मिलि. घेऊन पाण्याने १ लिटर केल्यास प्रति लिटर सुमारे ३० मिलिग्रॅमचा विद्राव होतो. त्यात पट्टी निळी झाली नाही, तर ती डबी टाकून द्यावी.

अनेक प्रयोगशाळांच्या नियमावल्यांत पुढील मर्यादा आढळतात. प्रति लिटर २५ मिलिग्रॅमहून कमी पेरॉक्साइड असल्यास विद्रावक सर्वसाधारण वापरास चालतो. २५ ते १०० दरम्यान असल्यास तो ऊर्ध्वपातनास किंवा संहत करण्यास घेत नाहीत; आधी उपचार करतात. १०० च्या पुढे गेल्यास स्वतः उपचार न करता तज्ज्ञांकडे सोपवतात. हे आकडे व्यवहारातील सोय आहेत, निसर्गाने आखलेली रेषा नव्हे. २० मिलिग्रॅमचे ईथरही कोरडे होईपर्यंत आटवले तर शेवटच्या थेंबांत काय उरेल याचा विचार करावा लागतोच.

चाचणीची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. आयोडाइड आणि पट्टी या दोन्ही हायड्रोपेरॉक्साइडांना चांगला प्रतिसाद देतात. बहुवारिक एथिलिडीन पेरॉक्साइडे व डायअल्किल पेरॉक्साइडे यांना तो मंद मिळतो किंवा मुळीच मिळत नाही. अतिशय जुन्या ईथरात हायड्रोपेरॉक्साइडाचा काही भाग या रूपात गेलेला असू शकतो. म्हणजे बाटली फार जुनी असेल तर कोरी पट्टी हा तिच्या निर्दोषपणाचा पुरावा होत नाही. अशा वेळी बाटलीचा इतिहास चाचणीपेक्षा वरचढ मानावा.

## एक उदाहरण: अर्धा लिटर ईथर

समजा, ग्रीन्यार विक्रियेसाठी डायएथिल ईथर निर्जल करून ऊर्ध्वपातित करायचे आहे. बाटली सहा महिन्यांपूर्वी उघडल्याची नोंद आहे, ईथर स्वच्छ व बिनस्फटिकी आहे, त्याचे आकारमान ५०० मिलि. आहे आणि पट्टीवर प्रति लिटर ३० मिलिग्रॅम असे वाचन येते.

पट्टी हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या मापात वाचते. ५०० मिलिलिटरमध्ये हे १५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.४४ मिलिमोल होतात. परंतु प्रत्यक्षात ईथरात असलेल्या हायड्रोपेरॉक्साइडाचा रेणुभार १०६ आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडाच्या सुमारे तिप्पट. म्हणजे कुप्पीत त्याचे सुमारे ४७ मिलिग्रॅम आहेत. ५०० मिलिलिटरमध्ये हे नगण्य वाटते. ऊर्ध्वपातन करून ५० मिलि. उरल्यास पट्टीच्या मापात ३००, म्हणजे 'हाताळू नये' या मर्यादेच्या तिप्पट होते. ५ मिलि. उरल्यास हायड्रोपेरॉक्साइड जवळजवळ १ टक्का होते. आणि कुप्पी कोरडी झाली, तर ते सारे पन्नासएक मिलिग्रॅम काचेच्या तापलेल्या तळावर पातळ थर होऊन बसते, शिवाय पट्टीला न दिसलेले बहुवारिक त्यात वेगळे. ईथराचा उकळबिंदू ३४.६ अंश सेल्सियस असल्याने ते संपेपर्यंत कुप्पी थंडच राहते आणि सारे सुरळीत वाटते. तापमान चढते ते नेमके ईथर संपल्यावर.

म्हणून आधी फेरस सल्फेटाने धुतात. प्रचलित विद्राव असा करतात: ६० ग्रॅम स्फटिकी फेरस सल्फेट (FeSO₄·7H₂O) ११० मिलि. पाणी व ६ मिलि. संहत सल्फ्यूरिक अम्ल यांच्या मिश्रणात विरघळवतात. अम्ल पाण्यात हळूहळू ओततात, उलट कधीही नाही. अम्लामुळे लोह विरघळलेले राहते. त्याविना ते हायड्रॉक्साइड होऊन खाली बसते. विद्राव फिकट हिरवा असावा. जुना, तपकिरी झालेला विद्राव म्हणजे त्यातील फेरस लोहाचे आधीच फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण झाले आहे.

एका हायड्रोपेरॉक्साइड रेणूला दोन फेरस आयन लागतात, तेव्हा ०.४४ मिलिमोलसाठी पाव ग्रॅमच्या आसपास फेरस सल्फेट पुरते. वरील विद्रावाचे १० मिलि. घेतल्यास त्यात सुमारे ४ ग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या पंधरापटीहून अधिक. हा मुबलकपणा हेतुपुरस्सर ठेवलेला असतो, कारण पेरॉक्साइड ईथराच्या थरात व लोह पाण्याच्या थरात असल्याने त्यांची गाठ केवळ दोन थरांच्या सीमेवर पडते. हे १० मिलि. ५० मिलि. पाण्याने विरल करून ईथरासह १ लिटरच्या विलगन नरसाळ्यात घालतात. प्रथम हलकेच फिरवून नळी वर करून तोटी उघडतात व वाफेचा दाब सोडतात. ईथराची वाफ झपाट्याने जमते. मग पुन्हा पुन्हा हलवून व दाब सोडून काही मिनिटे हे चालू ठेवतात. पाण्याचा खालचा थर हिरव्यावरून पिवळट तपकिरी होऊ लागणे ही क्रिया चालल्याची खूण आहे. ईथराचा थर हलका असल्याने वर राहतो.

खालचा थर काढून टाकून वरच्या थराची पुन्हा चाचणी घेतात. रंग आल्यास ताज्या विद्रावाने पुन्हा धुतात. चाचणी नकारात्मक आली की ईथर ५० मिलि. पाण्याने दोनदा धुऊन त्यातील अम्ल व लोह काढतात. मग ते निर्जल कॅल्शियम क्लोराइडावर अंधारात रात्रभर ठेवतात. धुताना थोडे ईथर पाण्यात विरघळून वाया जाते, हे गृहीत धरावे.

दुसऱ्या दिवशी गाळलेल्या ईथराची आणखी एकदा चाचणी घेतात, कारण बीएचटी असल्याची खात्री नसलेल्या ईथरात हवा लागल्यावर क्रिया पुन्हा सुरू झालेली असू शकते. ऊर्ध्वपातन ज्या दिवशी करायचे त्याच दिवशीची चाचणी ग्राह्य धरतात. मग गरम पाण्याच्या कुंडावर, ज्योत किंवा उघडी तार जवळ न ठेवता, वायुवीजन कपाटात काचेच्या ढालीमागे ऊर्ध्वपातन करतात. ५०० मिलिलिटरपैकी ५० ते १०० मिलि., म्हणजे १० ते २० टक्के, कुप्पीत राहील तेव्हा ते थांबवतात. या उरलेल्या ईथराला फेरस सल्फेटाने पुन्हा धुऊन मगच टाकाऊ विद्रावकांत घालतात. निघालेले ईथर त्याच दिवशी वापरणे उत्तम. ठेवायचेच असेल तर नायट्रोजनखाली, तपकिरी बाटलीत, तारखेसह आणि बीएचटी घालून.

## टीएचएफसाठी वेगळा मार्ग

टीएचएफ पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते. त्यामुळे नरसाळ्यात दोन थर होत नाहीत आणि वरील धुण्याची कृती तेथे उपयोगी नाही. त्याऐवजी कोरड्या, क्रियाशील केलेल्या अल्कधर्मी ॲल्युमिनाच्या स्तंभातून ते ओततात. २ सेंमी. व्यास व ३३ सेंमी. उंचीच्या स्तंभात ८० ग्रॅम ॲल्युमिना भरल्यास तो पेरॉक्साइडाच्या प्रमाणानुसार १०० ते ४०० मिलि. विद्रावकासाठी पुरतो. नेमका आकडा स्तंभ स्वतः सांगत नाही, म्हणून निघणारा द्रव भागांत जमवून प्रत्येक भागाची चाचणी घेतात. एखाद्या भागात रंग आला की स्तंभ संपला, असे समजावे.

ॲल्युमिनाने पेरॉक्साइडे नेहमीच नष्ट होत नाहीत. पुष्कळदा ती केवळ त्यावर चिकटून राहतात. वापरलेला स्तंभ तसाच वाळू दिल्यास धोका द्रवातून घन पदार्थात सरकतो एवढेच. म्हणून ॲल्युमिना ओले असतानाच बाहेर काढून आम्लयुक्त फेरस सल्फेटाच्या विद्रावात ढवळतात आणि मगच टाकतात. याच कारणासाठी जास्त पेरॉक्साइड असलेल्या टीएचएफसाठी स्तंभ वापरत नाहीत. शिवाय ॲल्युमिना बीएचटीही अडवू शकते, त्यामुळे बाहेर आलेले टीएचएफ रोधकविरहित समजून लगेच वापरावे.

टीएचएफ कोरडे करण्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरण्याची पद्धत जुन्या पुस्तकांत सापडते. पेरॉक्साइडयुक्त टीएचएफमध्ये घन किंवा संहत पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातल्याने गंभीर स्फोट होऊ शकतात, असा स्पष्ट इशारा ऑर्गॅनिक सिंथेसिस या ग्रंथमालेने दिला आहे. अत्यल्प पेरॉक्साइडासाठी तिथे क्यूप्रस क्लोराइडाचा उपाय सुचवला आहे. सोडियम व बेंझोफिनोन यांच्यावरील ऊर्ध्वपातनातही कुप्पीत टीएचएफ भरण्यापूर्वीच चाचणी करावी लागते. निळा रंग आल्यावर विद्रावक कोरडा व ऑक्सिजनविरहित झाला हे कळते, पण तो रंग येण्याआधी पेरॉक्साइड सोडियमच्या संपर्कात येऊन गेलेले असते.

## साठवण व नोंद

बाटलीवर खरेदीची, उघडल्याची व शेवटच्या चाचणीची तारीख लिहितात. उघडलेल्या ईथर व टीएचएफसाठी निरनिराळ्या नियमावल्या ३ ते १२ महिन्यांच्या अंतराने चाचणी सांगतात. हे अंतर साठ्यासाठी आहे, ऊर्ध्वपातनापूर्वीची चाचणी त्यात धरलेली नाही. थंडाव्याने पेरॉक्साइडे बनण्याचा वेग कमी होतो, पण क्रिया थांबत नाही. घरगुती शीतकपाटात ठिणगी पडणारे भाग असल्याने ईथर त्यात ठेवणे चुकीचे आहे. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ईथराच्या उकळबिंदूच्या वर जाते. तेव्हा घट्ट नसलेल्या झाकणातून ईथर उडून जाऊन बाटलीतच संहतीकरण होत राहते. अशा बाटलीतील द्रवाची पातळी कमी झालेली दिसली, तर ते उडून गेलेले ईथर आणि उरलेली पेरॉक्साइडे असे समजून तिच्याकडे पाहावे आणि पुढची चाचणी ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता घ्यावी.